भांडं कोणासाठी

आमच्या संडासातलं भांडं फोडलं तेव्हा मी दवाखान्यात यांच्या उशाशी बसले होते. माझ्या घरात, माझ्या गिरणीच्या डोक्यावर, गवंडी छिन्नी घेऊन घुसला आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. हे गिरणीच्या पायरीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, डॉक्टरांनी तिथे नवीन सांधा बसवला. ते दुखणं आमच्या दोघांचं होतं. पण भांडं माझं होतं.

घरी आल्या आल्या मी आधी संडासात गेले. दार उघडलं तर आत पांढरंशुभ्र कमोड. त्यावर चुंबळीसारखी आणखी एक जाड प्लास्टिकची गोल कडी चढवलेली, म्हणजे यांना खाली वाकावं लागू नये. भिंतीला स्टीलचा दांडा. खाली नवी फरशी. मी दारातच उभी राहिले.

"आई, बघ, कसं चकाचक झालंय!" थोरला मागून म्हणाला.

"माझं भांडं कुठाय?"

"कसलं भांडं?"

"आता जिथे ही खुर्ची ठेवलीस ना, तिथलं."

"आई, बाबांना आता उकिडवं बसता येणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. खाली वाकायचं नाही, बुटक्या आसनावर बसायचं नाही. नवा सांधा निसटतो."

"त्यांना नाही येणार. मला येतं ना?"

"घरात संडास एकच आहे," असं म्हणून तो खाली निघून गेला. जणू मोठा शोधच लावला होता. अरे, एकच आहे म्हणूनच विचारायचं असतं. दोन असते तर विचारलं नसतंस तरी चाललं असतं.

सूनबाईंना आनंद झाला होता, ते मी नाकारत नाही. ती माहेरी कमोडवर वाढलेली. तिचं सगळं वेळेवर, फोन घेऊन आत जाते आणि हसत बाहेर येते. तिचं होतं तर माझंही व्हायला हवं, असा तिचा हिशेब. मी तिला म्हटलं, "तुझा चष्मा मी घातला तर मला दिसेल का?" तर म्हणाली, "आई, चष्म्याचा नंबर असतो, याला काय नंबर?" उत्तर देण्यात पटाईत. माझ्याच घरात येऊन शिकली.

मी आठ दिवस गप्प बसले. गप्प बसणं माझा स्वभाव नाही, पण यांच्याकडे बघून बसले. हे काठी टेकत, एकेक पाऊल टाकत जायचे, दांडा धरून त्या उंच कडीवर टेकायचे आणि बराच वेळ आतच असायचे. बाहेर आले की चेहरा घामेजलेला. मी विचारायची, "झालं का?" म्हणायचे, "झालं." पुरुषमाणूस "झालं" म्हणाला की झालं, असं आपण धरून चालतो.

माझं मात्र होत नव्हतं. लाज कसली सांगायला, खाल्लेलं बाहेर पडायलाच हवं. आधी ती कडी काढून कोपऱ्यात ठेवायची, मग बसायचं. मी बुटकी, कडी काढली तरी माझ्या टाचा टेकत नाहीत, नुसती बोटं. कुंथायचं, थोडंसं व्हायचं, आणि बाकी सगळं आतच अडकल्यासारखं. उठून हात धुवावेत तर पुन्हा वाटायचं, जा. पुन्हा जायचं तर पुन्हा तेच. दिवसातून चार खेपा आणि पोट भरलेल्या पोत्यासारखं. पाय बधिर. गिरणीत गिऱ्हाईक उभं आणि मी वर जिन्यावर. जन्मात मला हे कधी झालं नव्हतं. मी सकाळी उठायची, उकिडवी बसायची, पाणी घ्यायची, मोकळी व्हायची. तेवढ्या वेळात दूधसुद्धा उतू जायचं नाही.

"भाज्या खा," थोरला म्हणाला.

"भाज्या तुला मी खायला शिकवल्या."

"पाणी पी."

"पिते."

"मग हे मनाचं आहे, आई. तुला ते आवडलं नाही ना, म्हणून शरीर अडून बसलंय. तू पहिल्यापासून हट्टी."

मनाचं! माझ्या आतड्याला मन फुटलं! मी गिरणी चालवते, मला बिघाड कशाला म्हणतात ते कळतं. पीठ अडलं की गिरणीला "हट्टी" म्हणत नाही कोणी. चक्कीतून डब्यात पीठ उतरतं ती कापडी नळी असते. ती कुठे दुमडली की वर दाणे पडत राहतात, आत पीठ ठासत जातं, खाली चिमूटभर येतं. मग मालक काय करतो? नळी सरळ करतो. चक्की आणखी जोरात फिरवत नाही. हे मला वयाच्या विशीत कळलं, याला चाळिशीत कळेना.

मी म्हटलं, "मागच्या मोरीत मला माझं भांडं बसवून दे." मागची मोरी म्हणजे आमची कपडे-भांडी धुवायची जागा. संडासाची आणि तिची भिंत एकच.

"तिथे उतार नाही बसणार."

"गवंड्याला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? आणि खाली गिरणीत गळलं तर? पिठात?"

"आणि कपडे कुठे धुवायचे?" सूनबाईंनी आतून भर घातली.

मग मी काय केलं? जे कोणीही केलं असतं ते. कडी काढली, कमोडच्या काठावर चढले आणि उकिडवी बसले. दांडा होताच धरायला. आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी सुटले. आठवडाभर असं चाललं. घरात कोणाला पत्ता नाही, माझा चेहरा जरा माणसासारखा झाला. सूनबाई म्हणाली, "बघा, सवय झाली ना?" मी म्हटलं, "झाली हो."

मग एक दिवस कमोडची बसायची प्लास्टिकची सीट सरकली. एका बाजूची बिजागरी कडाड्कन तुटली, माझा एक पाय आत पाण्यात, दुसरा बाहेर, आणि मी दांड्याला लोंबकळतेय. आवाज ऐकून थोरला दार ठोकायला लागला. दाराची कडी काढेपर्यंत माझा जीव गेला. दार उघडलं तर त्याने आधी कमोडकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"वर चढली होतीस?"

"मग काय, खाली पुरून घेतलं होतं?"

"आई, ते चिनीमातीचं असतं! फुटलं असतं तर धार सुरीसारखी असते. मांडी चिरली असती, रक्त थांबलं नसतं. कळतंय का तुला काय बोलतोय मी?"

हे खोटं नव्हतं. पुढे पोटाच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, कमोडवर चढून बसू नका, ते वर चढलेल्याच्या वजनासाठी केलेलं नाही, माणसं भोसकली जातात. पण त्या क्षणी मला त्याच्या आवाजाचा राग आला. तो घाबरला नव्हता, वैतागला होता. घाबरलेलं लेकरू मला ओळखू येतं.

"उद्या डॉक्टरकडे," तो म्हणाला. "हिचं काहीतरी बिघडलंय." 'हिचं'! माझ्या समोर उभा राहून माझ्याबद्दल बायकोशी बोलत होता.

पोटाच्या डॉक्टर बाई होत्या, तरुण, केस बारीक कापलेले, हात गार. मला म्हणाल्या, "काय होतंय आजी?"

"आजी मी माझ्या नातीची. तुमच्यासाठी पेशंट."

हसल्या नाहीत, लिहीत राहिल्या. ते मला आवडलं. सगळं विचारलं, वजन कमी झालं का, रक्त पडतं का, आधी कधी असं होतं का. मी सांगितलं, कमोड आल्यापासून. थोरला मध्येच म्हणाला, "म्हणजे साधारण तेव्हापासूनच, पण आमच्या आईला बदल झेपत नाही." मी त्याच्याकडे बघितलं. तो पंख्याकडे बघायला लागला.

बाईंनी त्याला बाहेर घालवलं आणि हातमोजा घालून तपासलं. मग म्हणाल्या, "एक चाचणी करू. लाजायचं नाही. एक छोटासा फुगा मागच्या वाटेने आत ठेवते, त्यात कोमट पाणी भरते. शी लागल्यासारखं वाटेल. मग पडद्याआड खुर्चीवर बसून तो बाहेर टाकायचा. मिनिटभरात टाकता आला तर वाट ठीक. नाही आला तर ढकलण्यात गडबड."

"फुगा," मी म्हटलं. "माझ्या वयाच्या बाईला फुगा."

पण केलं. पडद्यामागे कमोडचीच खुर्ची, मधोमध भोक असलेली. बाहेर नर्सबाई घड्याळ धरून. मी बसले, कुंथले. फुगा आहे तिथेच. पुन्हा कुंथले, डोळ्यांपुढे काजवे. पुन्हा. फुगा जागचा हलेना, जणू भाड्याने राहायला आला होता. शेवटी नर्सबाई म्हणाली, "राहू द्या, बराच वेळ झाला." डॉक्टरीणबाईंनी पाणी काढून घेऊन फुगा बाहेर काढला.

थोरल्याला आत बोलावलं. बाई म्हणाल्या, "बाहेर ढकलताना मागचा स्नायू सैल पडायला हवा, यांचा नीट सैल पडत नाहीये. काही आठवडे व्यायाम शिकवावे लागतील. यंत्रावर बघून कसं ढकलायचं ते पुन्हा शिकायचं."

"मी सांगतच होतो," थोरला म्हणाला. "कमोडचा काही दोष नाही."

माझं डोकं फिरलं. साठी उलटून गेली, तीन पोरं काढली या शरीरातून, आणि आता मला हगायला शिकवणार! ते तसंच बोलले मी, याच शब्दांत. नर्सबाईने तोंडावर हात ठेवला.

"बाई," मी म्हटलं, "मी लहानपणापासून ज्या रीतीने बसत आले, त्या रीतीने हा तुमचा फुगा एकदा घालून बघा."

"ही चाचणी खुर्चीवर बसूनच घेतात, आजी. मिनिटाचा आकडा खुर्चीवर बसणाऱ्यांवरून ठरवलेला आहे."

"ती माणसं खुर्चीवर बसणारी असतील. माझं बूड त्या हिशेबात धरलं होतं का?"

"आई!" थोरला.

"तू गप्प. इथे तुझ्या बुडाचं चाललेलं नाही."

बाई पेन खाली ठेवून बघत राहिल्या. मला वाटलं, आता हाकलतात. पण म्हणाल्या, "सिस्टर, खाली रबरी कापड टाका. भांडं ठेवा. धरायला दोन्ही बाजूंना खुर्च्या द्या." आणि मला म्हणाल्या, "गुडघे दुखतात? बसून उठता येतं? चक्कर?"

"तुमच्या आधी उठेन."

पुन्हा फुगा, पुन्हा कोमट पाणी. मी खाली उकिडवी बसले, टाचा जमिनीला टेकलेल्या, मांड्या पोटाला. कुंथायची वेळच आली नाही. श्वास सोडला आणि टप्पकन आवाज झाला. पडद्याबाहेर नर्सबाईने घड्याळ सुरू केलं होतं की नाही कोण जाणे.

"झालं?" बाई म्हणाल्या.

"तुम्हीच बघा. माझ्यावर विश्वास कुठाय इथे कोणाचा."

त्यांनी बघितलं. मग एक बुटका स्टूल मागवला आणि तिसऱ्यांदा फुगा घातला. खुर्चीवर बसून दोन्ही पाय स्टुलावर, गुडघे कंबरेच्या वर, पुढे वाकून, कोपरं मांड्यांवर. "आता बघू." खाली बसल्यासारखं नाही झालं, जरा जोर लागला, पण मिनिटाच्या आत फुगा पडला.

मग बाईंनी थोरल्याला समोर बसवून सांगितलं. आपल्या एका हाताची मूठ केली आणि तिच्याभोवती रुमालाचा फास टाकला. "आतड्याच्या शेवटच्या नळीला मागून असा एका स्नायूचा फास असतो. दोन्ही टोकं पुढच्या हाडाला बांधलेली. तो नळीला पुढे ओढून धरतो, म्हणून नळीला वाकण पडतं. चालता-बसता सांडू नये म्हणून देवाने केलेली सोय. खुर्चीवर बसलं तर हा फास थोडाच सैल होतो. मांड्या पोटाकडे आल्या की जास्त सैल होतो, वाकण बरंच सरळ होतं, जोर कमी लागतो. पुष्कळ लोकांना खुर्चीवर तेवढं पुरतं, काही अडत नाही. तुमच्या आईंना पुरत नाही. आधी मी म्हटलं ना, स्नायू सैल पडत नाही? पडतो. बसण्याची रीत योग्य हवी. व्यायाम सध्या नकोत."

"कापडी नळी," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. याला चाळीस वर्षं सांगतेय, दुमडलेली नळी आधी सरळ कर."

थोरल्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता म्हणेल, आई, चुकलं. पण त्याने काय विचारलं? "म्हणजे डॉक्टर, स्टूल ठेवला की काम झालं ना? भांडं बसवायची गरज नाही?"

"स्टुलाने चालायला हरकत नाही," बाई म्हणाल्या.

आणि तो उजळला. जिंकले मी, आणि निकाल त्याच्या खिशात. येताना वाटेत प्लास्टिकचा स्टूल घेतला त्याने, निळा, आणि तो हातात धरून असा चालत होता जणू ढाल मिळालीय.

स्टुलाने काम होत होतं, खोटं का बोलू. पूर्वीसारखं नाही, पण दिवसातून एकदा जायचं आणि उठायचं. मी कडी काढायची, स्टूल ओढायचा, काम झालं की स्टूल कोपऱ्यात आणि कडी परत कमोडवर. घरात पुन्हा शांतता. माझ्या मनात नव्हती. मला सगळ्यांसमोर हट्टी ठरवलं, वेडी ठरवलं, डॉक्टरकडून शिक्कामोर्तब करून घ्यायला नेलं. डॉक्टरने उलट सांगितलं तेव्हा एकाही तोंडातून "चुकलं" निघालं नाही. एक निळा स्टूल निघाला.

त्या दिवशी गिरणीत गर्दी होती. मी डब्याचं झाकण विसरले म्हणून वर आले. संडासाचं दार नुसतं लोटलेलं होतं. यांनी दाराला आतून कडी लावायची नाही, असा घरात नियम केला होता, पडले-बिडले तर. आतून कण्हण्याचा आवाज. मी दार ढकललं.

हे बसले होते. वरची उंच कडी काढून कोपऱ्यात ठेवलेली. दोन्ही पाय निळ्या स्टुलावर. गुडघे वर, पाठ वाकलेली, कोपरं मांड्यांवर. डॉक्टरीणबाईंनी मला दाखवलं होतं, अगदी तस्संच.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, निदान तीन महिने काटकोनाच्या आत पाय घ्यायचा नाही, नवा गोळा खोबणीतून निसटेल, मग पुन्हा चिरफाड.

"हलू नका!" मी ओरडले. "आहात तसे बसा. अहो, हलू नका म्हणते ना!"

"अगं, जरा..."

"एक शब्द नको. आणि पुढे वाकू नका. मागे रेला. मागे!"

ते मागे टाकीला टेकले. मी थोरल्याला हाक मारली, अशी की खाली गिरणीचा आवाज असून त्याला ऐकू गेली. तो धावत आला, मागून काखेत हात घातले. मी ऑपरेशनचा पाय दोन्ही हातांत धरला, सरळ ठेवून हळूच पुढे खाली उतरवला, मग दुसरा, आणि स्टूल लाथेने बाहेर उडवला. ऑपरेशनचा पाय पुढे सरळ ठेवून त्यांना उभं केलं. थोरला पुन्हा पुन्हा विचारत होता, "बाबा, दुखलं का?" आता तो घाबरला होता. ओळखू आलं मला.

पलंगावर आडवं केल्यावर मी विचारलं, "हे काय सुचलं तुम्हाला?"

हे भिंतीकडे बघत म्हणाले, "कडी काढल्याशिवाय पाय स्टुलावर पोचत नव्हते."

"ते नाही विचारलं मी!"

"दवाखान्यातून आल्यापासून होतच नाहीये नीट," ते म्हणाले. "त्या उंच कडीवर तर मुळीच नाही. तुझं स्टुलाने बरं झालं म्हणालीस... म्हटलं, आपणही बघावं."

"मग रोज 'झालं' कोणाला सांगत होतात?"

"तुझी कुरकूर चाललीच होती. म्हटलं, आपली आणखी कशाला."

कुरकूर! माझी कुरकूर! एका छपराखाली दोन माणसं एकाच दुखण्याने कुंथत होती. एक ओरडली म्हणून हट्टी, एक गप्प बसला म्हणून शहाणा, आणि त्या शहाण्याने आज नवा सांधा मोडून घेतला असता. मला रडू येत होतं आणि त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. दोन्ही केलं नाही. चादर नीट केली.

हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी थोरल्याला फोनवरच झापलं. पाय लांब-आखूड दिसतो का, दुखतंय का, असं विचारलं, सगळं ठीक होतं. म्हणाले, त्यांची उंच कडी काढायची नाही, स्टूल त्यांच्या नजरेलाही पडता कामा नये. पाणी भरपूर द्या, इसबगोल लिहून देतो, मल मऊ राहील, कुंथायला लागणार नाही. आधी का नाही सांगितलं? दुखण्याच्या गोळ्यांनीही होतं असं. म्हणजे नुसत्या कडीलाही दोष देता येणार नव्हता. पण आधी कोणी डॉक्टरांना विचारलं असतं तर ना.

थोरला फोन ठेवून खुर्चीत बसला. सूनबाई दाराशी. मग तो म्हणाला, "स्टूल कपाटात ठेवू, कुलपात."

"आणि मला लागली की किल्ली मागत फिरू?" मी म्हटलं.

"नाही, ते... आणि एखाद्या दिवशी तू परत ठेवायला विसरलीस तर." त्याने कपाळ चोळलं. "नको. रिस्क नको. बाबांच्या बाबतीत रिस्क नको. मी असं करतो, मागच्या मोरीत एक भांडं बसवून टाकू."

मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"आणि उतार?" मी विचारलं.

"गवंड्याला विचारतो."

"आणि पिठात गळेल ते?"

"बघू ना, आई."

"आणि कपडे?"

सूनबाई म्हणाली, "कपड्यांचं करू काहीतरी, आई. बाबांना धोका नको."

संध्याकाळी गवंडी आला. हाच तो, ज्याने माझं भांडं फोडलं होतं. मोरीत शिरला, भिंत वाजवली, खाली बघितलं. "काहीच अवघड नाही," म्हणाला. "संडासाचा मोठा पाइप याच भिंतीमागून जातो. इथे एक पायरीभर ओटा उचलायचा, भांड्याखालचा वळसा त्यात बसेल, उतारही मिळेल. गळायचा प्रश्नच नाही. आधीच का नाही सांगितलंत?"

मी थोरल्याकडे बघितलं. त्याने खिशातला फोन काढून बघितला, त्यात काही नव्हतं.

गवंड्याने पिशवीतून खडू काढला. "कोणासाठी बसवायचंय? त्याप्रमाणे ठेवतो. म्हाताऱ्याबाबांसाठी का?"

"हो, बाबांसाठीच," थोरला म्हणाला. "म्हणजे त्यांना काही व्हायला नको म्हणून."

तेव्हा माझ्यात जे उसळलं ते मी कशाला लपवू. मी मोरीच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"बाहेर ये," मी गवंड्याला म्हटलं. "खडू खाली ठेव."

"आई, आता काय झालं? मिळतंय ना तुला?"

"कोणासाठी?"

"काय कोणासाठी?"

"दोन महिने मी पोट धरून फिरले. तेव्हा उतार नव्हता, गळत होतं, कपडे धुवायला जागा नव्हती. आज यांचा खुबा निसटायला आला तर एका घटकेत उतारही आला, पाइपही सापडला, कपडेही गेले कुठेतरी. माझ्या पोटासाठी एक वीट हलली नाही. यांच्या खुब्यासाठी भिंत फुटतेय. फुटू दे, यांच्यासाठी मी घर फोडेन. पण भांड्यावर हे बसणार नाहीत. कोण बसणार?"

"तू."

"मग कोणासाठी बसवतोयस?"

"आई, गवंडी थांबलाय..."

"थांबू दे. माझं भांडं फोडताना नाही थांबला."

गवंडी पायाने फरशी घासायला लागला. आतून पलंगावरून यांचा आवाज आला, "म्हण रे तिच्यासाठी, काय जातंय तुझं."

"तुम्ही गप्प पडा," मी आत ओरडले. "तुमचं नंतर बघते."

थोरला कोपऱ्यात बादलीकडे बघत म्हणाला, "तुझ्यासाठी."

"गवंड्याला सांग. त्याने विचारलंय."

त्याने मान वर केली. कान लाल झाले होते, शाळेत मार खाऊन यायचा तेव्हा व्हायचे तसे. "आईसाठी," तो गवंड्याला म्हणाला. "तिला कमोडवर होत नाही. तिचं बरोबर होतं."

"किती उंच आहेत आजी?" गवंड्याने विचारलं. "म्हणजे भिंतीपासून किती सोडू ते..."

"आजी तुझ्या..." म्हणता म्हणता मी थांबले. "खडू आण."

मी त्या ओल्या मोरीत, सगळ्यांच्या देखत, भिंतीकडे पाठ करून उकिडवी बसले. टाचा टेकल्या, हात गुडघ्यांवर. "इथे. याच्या एक बोटही मागे नाही, नाहीतर पाठ भिंतीला घासते. पाय इतक्या अंतरावर. वाक आणि आख."

गवंडी वाकला आणि त्याने माझ्या पावलांभोवती रेघ ओढली. थोरला मला उठवायला हात पुढे करून उभा होता.

मी तो हात धरला नाही. गुडघ्यावर जोर देऊन माझी मी उठले आणि म्हटलं, "बघत काय उभा राहिलास, विटा वर कोण आणणार?"